चौथी चौकट आधी वाचली जात होती

एका कॉमिक्सचं पान १४ माझ्याकडे तपासायला आलं तेव्हा इंकिंग, म्हणजे पेन्सिलच्या रेषांवर शाई फिरवणं, झालेलं होतं आणि फुग्यांत संवादही बसले होते. चित्रकाराने सोबत एवढंच कळवलं होतं : "ताई, आईने वाचलं. चित्रं आवडली, पण घड्याळातून काय निघालं ते कळलं नाही म्हणाली."

असा निरोप आला की लेखकाला वाटतं संवाद कमी पडले, आणि चित्रकाराला वाटतं चित्र कमी पडलं. मी दोन्ही बाजूला ठेवून आधी पानावर बोट फिरवते. वाचणाऱ्याने चौकटी ज्या क्रमाने वाचाव्यात असं आपल्याला वाटतं, त्याच क्रमाने त्या वाचल्या जातायत का, हे पाहिल्याशिवाय बाकीच्या चर्चेला काही आधार नसतो.

पान असं होतं. छापील आकार १७ बाय २६ सेंटीमीटर. कडेचा समास सोडला तर चौकटींसाठी १५ बाय २४ सेंटीमीटर जागा, तिच्यात तीन आडव्या ओळी आणि एकूण सात चौकटी. वरच्या ओळीत एकच लांबलचक चौकट : घड्याळ दुरुस्त करणारा म्हातारा टेबलाशी बसलाय, एक मुलगी भिंतीवरचं जुनं घड्याळ उराशी धरून आत येतेय. मधल्या ओळीत डावीकडे दोन चौकटी एकावर एक आणि उजवीकडे दोघींच्या उंचीची एक उभी चौकट. खालच्या ओळीत तीन चौकटी, शेवटची मूक.

गोष्ट मधल्या ओळीत घडते. दुसऱ्या चौकटीत मुलगी म्हणते, "बंद पडलंय. आजीचं आहे." तिसरीत म्हातारा मागचं झाकण उघडतो, "यात काहीतरी अडकवलंय." चौथ्या, उभ्या चौकटीत तो चिमट्याने एक घडी घातलेला कागद दिव्यासमोर धरतो : "चिठ्ठी आहे. आणि वर माझं नाव आहे." पाचवीत मुलगी विचारते, "तुम्ही ओळखत होतात तिला?" आणि तो म्हणतो, "ओळखत होतो? हे घड्याळ मीच तिला दिलं होतं." सहावीत चिठ्ठी जवळून दिसते. सातवीत दोघं गप्प.

म्हणजे प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या खांद्यावर उभं आहे. क्रम एका जागी जरी सरकला तरी सगळं कोसळतं.

तपासणीसाठी मी पाच जणांना पान दिलं. अट एकच : मोठ्याने वाचायचं आणि वाचताना बोट पानावर ठेवायचं. काय कळलं, हे विचारायचं नाही. ते विचारलं की माणूस परत वर जाऊन मनातल्या मनात क्रम लावून घेतो आणि आपल्याला सुधारलेलं उत्तर मिळतं. बोट मात्र खोटं बोलत नाही. पाचांपैकी तिघांचं बोट दुसऱ्या चौकटीवरून सरळ उजवीकडे, उभ्या चौकटीत गेलं. "चिठ्ठी आहे. आणि वर माझं नाव आहे" हे त्यांनी वाचलं, मग खाली डावीकडे येऊन "यात काहीतरी अडकवलंय" वाचलं, आणि तिघंही तिथे क्षणभर थांबले. चिठ्ठी तर मघाशीच निघाली, आता आणखी काय अडकलंय? चित्रकाराच्या आईला काय कळलं नव्हतं, ते इथे उघड झालं.

दोन चौकटी एकावर एक आणि शेजारी एक उभी, ही मांडणी कॉमिक्समध्ये नेहमीची आहे, आणि तिची जोखीमही तितकीच जुनी. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे सवय म्हणते : उजवीकडे जा. पण उजवीकडे गेलं तर खालची चौकट मागे राहते. नील कोन या संशोधकाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना अशा मांडण्या देऊन क्रमांक घालायला सांगितले होते, तेव्हा उभी चौकट वाट अडवते तिथे बहुतेकांनी आधी खालची चौकट घेतली होती. म्हणजे मांडणी मुळात आपल्या बाजूची आहे. पण त्या अभ्यासातल्या चौकटी रिकाम्या होत्या. आमच्या चौकटींत काळी सावली होती, फुगे होते आणि मधल्या फटी कमीजास्त होत्या.

फट हा शब्द मी मुद्दाम वापरते. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीला सगळे गटर म्हणतात, आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी "तुझं गटर फार रुंद झालंय" असं सांगितलं की पुढची पाच मिनिटं हसण्यात जातात. शिवाय पुस्तकाच्या शिवणीकडच्या आतल्या समासालाही गटर म्हणतात, तो घोळ वेगळाच. त्यामुळे चौकटींमधली ती फट.

पट्टी घेऊन फटी मोजल्या. ओळी-ओळींमधल्या फटी ४ मिलिमीटर, त्या ठीक होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीमधली, म्हणजे वरखालची फट ६ मिलिमीटर. दुसऱ्या आणि उभ्या चौकटीमधली फट मात्र अडीच. जे जवळ ते एकत्र, असं डोळा धरून चालतो. दुसरी चौकट तिच्या खालच्या बहिणीपासून ६ मिलिमीटर लांब आणि उजव्या शेजाऱ्यापासून अडीच मिलिमीटरवर असेल, तर डोळ्याने दुसरी आणि चौथी ही जोडी मानली यात त्याची चूक नाही. त्यातही ६ मिलिमीटरची फट ही ओळींमधल्या ४ मिलिमीटरपेक्षा मोठी होती. त्यामुळे तिसरी चौकट मधल्या ओळीतून तुटून निराळी ओळच वाटत होती.

या फटी अशा कशा झाल्या, हे विचारल्यावर कळलं. रफमध्ये, म्हणजे कच्च्या आराखड्यात, फटींची काही अडचण नव्हती. पुढे तिसऱ्या चौकटीच्या वरच्या कडेला दिव्याची अर्धवट झालर दिसत होती म्हणून चित्रकाराने वरून पट्टी कापली. मग उभ्या चौकटीतल्या म्हाताऱ्याच्या कोपराला जागा हवी म्हणून ती डावीकडे थोडी वाढवली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते. फटी बिघडतात त्या बहुतेक वेळा अशाच, चौकटीच्या आतलं काहीतरी सुधारताना. म्हणून चौकटीची कड हलवली की लगेच बाहेर काय झालं ते पाहायचं, आणि शेवटी पट्टी लावायचीच.

आणखी एक कारण फुग्यांचं. दुसऱ्या चौकटीतला फुगा वर उजव्या कोपऱ्यात होता. उभ्या चौकटीतला फुगा वर डाव्या कोपऱ्यात. दोघे जवळजवळ एकाच उंचीवर, मध्ये अडीच मिलिमीटरची फट. पान हातभर लांब धरून डोळे किलकिले केले तर एकच लांबट पांढरा ढग दिसत होता. वाचणारा फुग्यांवरून उड्या मारत जातो, चौकटीच्या रेषा त्याला नंतर दिसतात. एक फुगा संपल्याबरोबर शेजारी दुसरा तयारच असेल, तर तो खाली कशाला उतरेल?

फुग्यांची वाट तपासायला मी पानावर ट्रेसिंग पेपर ठेवते, प्रत्येक फुग्याच्या मध्यावर ठिपका देते आणि संहितेच्या क्रमाने ठिपके जोडते. चित्र बाजूला राहतं आणि फक्त रेषा दिसते. चांगल्या पानावर ती डावी-उजवी वळणं घेत खाली उतरते. ती स्वतःलाच छेदत असेल किंवा लांबवर मागे वर चढत असेल, तर त्या जागी वाचणारा अडखळणार हे समजून चालायचं. या पानावर रेषा दुसऱ्या फुग्यापासून खाली तिसऱ्याकडे आली, तिथून थेट वर उभ्या चौकटीच्या माथ्यापर्यंत चढली आणि मग पुन्हा तळाला पाचव्या चौकटीकडे कोसळली. नऊ सेंटीमीटरची चढण. इतकं वर कुणी आपणहून जात नाही.

दुरुस्ती करताना पहिली सूचना आली ती बाण दाखवण्याची. तिसरीकडून चौथीकडे छोटासा बाण. जुन्या कॉमिक्समध्ये असे बाण दिसतात आणि ते काम करतातही. पण बाण दिसला की वाचणारा गोष्टीतून बाहेर येऊन पानाकडे बघू लागतो, आणि चिठ्ठी निघण्याच्या क्षणी मला ते नको होतं. शिवाय ज्याचं बोट आधीच उजवीकडे गेलं, त्याला बाण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आम्ही फटी उलट्या केल्या. तिसऱ्या चौकटीवरून कापलेल्या पट्टीतले ४ मिलिमीटर परत घेतले. तेवढ्यात झालर येत नव्हती. वरखालची फट ६ वरून २ मिलिमीटरवर आली. उभी चौकट डाव्या बाजूने अडीच मिलिमीटर कापली. तिथे नुसती काळोखी भिंत होती, कोपर वाचलं. तिच्या डावीकडची फट आता ५ मिलिमीटर झाली. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो, पण दुसरी-तिसरी एकदम जोडी दिसू लागली आणि उभी चौकट त्यांच्यानंतरची.

मग उभ्या चौकटीतला फुगा वरून काढून मध्याच्या जरासा खाली आणला. म्हाताऱ्याचा हात, चिमटा, कागद आणि दिवा वर मोकळे झाले, ते चित्राच्या दृष्टीनेही बरं झालं. तिसऱ्या चौकटीतला फुगा तिच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे सरकवला. आता तिसरीतून बाहेर पडणारी नजर साधारण त्याच उंचीवर उभ्या चौकटीतल्या फुग्याला भेटत होती. नऊ सेंटीमीटरची चढण संपली.

इथपर्यंत सोपं होतं. पाचवी चौकट जड गेली.

पाचवीत म्हातारा डावीकडे आणि मुलगी उजवीकडे, पानभर असंच. पण तिथे आधी मुलगी बोलते. प्रश्न उजवीकडे, उत्तर डावीकडे. त्यामुळे सरळ वाचणाऱ्याला "ओळखत होतो? हे घड्याळ मीच तिला दिलं होतं" हे आधी मिळतं आणि "तुम्ही ओळखत होतात तिला?" नंतर. पाचांपैकी दोघांनी तसंच वाचलं. चित्रकाराने मुलीचा फुगा थोडा वर ठेवला होता, पण 'थोडा' पुरत नाही. उजवीकडचा फुगा आधी वाचला जावा असं वाटत असेल, तर तो इतका वर हवा की त्याचा तळ डावीकडच्या फुग्याच्या माथ्याच्याही वर राहील. खालची ओळ फक्त ६.२ सेंटीमीटर उंच. दोन फुगे असे वरखाली रचले तर दोघांचे चेहरे झाकले जात होते.

मुलीचा फुगा डावीकडे वर नेऊन त्याची शेपटी, म्हणजे बोलणाऱ्याकडे जाणारं टोक, उजवीकडे तिच्यापर्यंत ओढायची, हाही एक मार्ग. मग ती शेपटी म्हाताऱ्याच्या डोक्यावरून जाते आणि त्याच्या फुग्याच्या शेपटीला छेदते. शेपट्या एकमेकींना छेदू लागल्या की कोण काय बोललं हे शोधण्यात वाचणाऱ्याचा वेळ जातो. तेही सोडलं.

"मग चौकटच उलटी करू," चित्रकार म्हणाला, "आरशातल्यासारखी. एक क्लिकचं काम आहे."

केली आणि बघितली. म्हाताऱ्याचं भिंग उजव्या डोळ्यावरून डाव्या डोळ्यावर गेलं, स्क्रू-ड्रायव्हर डाव्या हातात आला. ते परत काढता आलं असतं. पण आधीच्या चार चौकटींत टेबलाच्या एका बाजूला असलेला माणूस अचानक दुसऱ्या बाजूला बसलेला दिसू लागला. जागा बदलल्यासारखं वाटलं की वाचणारा मधला काळ मनाशी धरतो, जणू दोघं उठून पुन्हा बसले. इथे तर एका श्वासाचंच अंतर हवं होतं.

मूळ चूक रफमध्येच झाली होती. बैठक ठरवताना, संवाद महत्त्वाचे त्या चौकटींत आधी कोण बोलणार हे पाहून माणसं डावी-उजवीकडे बसवायची असतात. इंकिंग झाल्यावर फुगे हलवून ती चूक झाकता येते, पण एका मर्यादेपर्यंतच, आणि ही चौकट त्या मर्यादेपलीकडे होती.

शेवटी प्रश्नच उचलून चौथ्या चौकटीत नेला. उभ्या चौकटीच्या तळाशी उजवीकडे मुलीचा खांदा आणि वर पाहणारा चेहरा होताच. म्हाताऱ्याचा फुगा मध्यावर, त्याखाली साडेतीन सेंटीमीटरवर मुलीचा : "तुम्ही ओळखत होतात तिला?" पाचव्या चौकटीत फक्त उत्तर उरलं. प्रश्न ओळीच्या शेवटी आणि उत्तर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, त्यामुळे मधे नजरेला उजवीकडून पार डावीकडे यावं लागतं. तेवढ्या वेळात म्हातारा विचार करतोय असं वाटतं. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं, पण मिळालं ते ठेवलं.

बाकीच्या गोष्टी लहान. पहिल्या चौकटीत म्हातारा "आत ये, दार उघडंच आहे" म्हणतो. त्या फुग्याच्या शेपटीवर पट्टी ठेवून रेष पुढे वाढवली, तर ती म्हाताऱ्याच्या तोंडाकडे न जाता भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळावर पोचत होती. घड्याळच पाहुण्यांचं स्वागत करतंय. शेपटी तोंडाला टेकायची गरज नसते, फुगा आणि तोंड यांच्यामधलं साधारण निम्मं अंतर कापलं की पुरे. पण तिची दिशा ओठांकडेच हवी. सहाव्या चौकटीत एका फुग्याची कड चौकटीच्या रेषेला नेमकी चाटून जात होती. असा फुगा चिकटल्यासारखा दिसतो. एकतर तो रेषेपासून २-३ मिलिमीटर आत घ्यावा, नाहीतर सरळ रेषेने कापू द्यावा. आम्ही आत घेतला. शिवाय पान १४ डाव्या हाताचं. पहिली चौकट उजवीकडे शिवणीपर्यंत पसरली होती आणि समोरच्या पान १५ ची वरची चौकटही शिवणीपर्यंत आलेली. दोन्ही पानं जोडून पाहिल्यावर एकच लांब चौकट वाटत होती आणि वाचणारा थेट पलीकडच्या पानावर घरंगळला असता. पहिलीला उजवीकडे पुन्हा समास दिला.

देवनागरी अक्षरांची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण फुग्यांचे आकार बऱ्याचदा रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून काढलेले असतात. रोमन कॉमिक्समध्ये बहुतेक वेळा सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली, वरखाली सपाट. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ओळींमधलं अंतर रोमनइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. त्यासाठी ओळी मोकळ्या सोडल्या की तोच मजकूर जास्त उंच होतो आणि अंडाकृती फुग्याच्या माथ्याला पहिल्या ओळीच्या मात्रा टेकतात. सहाव्या चौकटीतला "मी विचारल्याशिवायच ठेवून गेली होती" हा फुगा असाच भरला होता. वर 'विचारल्याशिवायच' हा एवढा लांब शब्द, तो मध्ये तोडता येत नाही, आणि त्याच्यासाठी फुगा रुंद केला की बाकीच्या ओळींशेजारी भकास पांढरी जागा. इथे फुगा बदलून भागत नाही, वाक्यच बदलावं लागतं. लेखकाने "न सांगता ठेवून गेली" असं केलं. चार शब्द, दोन ओळी, कडेला सगळीकडून साधारण एका अक्षराच्या उंचीची मोकळी जागा.

सुधारलेलं पान मी नव्या पाच जणांना दिलं. आधीच्यांना उत्तर ठाऊक झालेलं, त्यांचा आता उपयोग नव्हता. चौघांचं बोट ठरलेल्या वाटेने गेलं. पाचवी वाचक दुसऱ्या चौकटीनंतर उजवीकडे वळली, उभ्या चौकटीच्या माथ्यावर क्षणभर रेंगाळली, तिथे वाचायला काही नाही म्हणून परत येऊन तिसरीत उतरली. क्रम चुकला नाही, पण ओढ होती. म्हाताऱ्याच्या पाठीची गडद सावली आणि तिला लागून दिव्याचा पांढरा उजेड, पानावरचा काळ्या-पांढऱ्याचा सगळ्यात मोठा विरोध तिथेच होता. सावली हलकी करू का, असं मी विचारलं. चित्रकार नाही म्हणाला, आणि ते बरोबर होतं. ती सावली गेली असती तर चिठ्ठीवरचा उजेड कशाच्या जोरावर दिसला असता?

त्याऐवजी तिसऱ्या चौकटीचा फुगा आणखी उजवीकडे सरकवून फटीच्या पलीकडे उभ्या चौकटीत ४ मिलिमीटर आत शिरू दिला. फुगा दोन चौकटींवर बसला की तो पुलासारखा वागतो. दुसऱ्या चौकटीचा फुगाही थोडा खाली आणून तिसरीच्या अंगाला टेकवला. त्यानंतर आणखी तिघांना वाचायला दिलं, तिघंही सरळ गेले.

हा पूल छापील पानापुरताच आहे. फोनवर एकेक चौकट सुटी दाखवायची तर तिसरीचा फुगा उजव्या कडेला कापला जातो आणि त्याचा ४ मिलिमीटरचा तुकडा उभ्या चौकटीत निरर्थक तरंगतो. म्हणून फुग्यांचा थर चित्राच्या फाइलपासून वेगळा ठेवायला सांगितलं, आणि त्या थराची दुसरी प्रत काढून तिच्यात हा एक फुगा चौकटीच्या आत घेतला.